धागा: फ्रिजचं दार उघडं ठेवलं तर खोली थंड होते का? (खोली १२ मधला वाद, जळगाव)

गोपाल_खोली१२

मंडळी, मे महिना, जळगाव, वरचा मजला. स्लॅब रात्री अकरालाही तव्यासारखा. खोलीत १९० लिटरचा एका दाराचा फ्रिज आहे. त्यावरून माझा आणि निलेशचा दोन दिवस वाद चाललाय. तो जसाच्या तसा मांडतो, निवाडा तुम्ही करा.

निलेश: दार उघडं ठेव ना भो. आतली थंडी बाहेर येईल.
मी: आणि मागची गरमी कुठे जाईल?
निलेश: मागे काहीच नाही. जुन्या फ्रिजला काळी जाळी असायची, याची पाठ सपाट आहे. हात लावून बघ, गार आहे.
मी: मग थंडी तयार कुठून होते?
निलेश: गॅसमधून. त्यासाठीच तर वीज भरतो आपण. एवढी वीज खाऊन खोली गरम होत असेल, तर मशीन बनवलं कशाला?
मी: मशीन पेटीतली उष्णता पेटीबाहेर टाकतं. पेटीचं दार उघडलं की आत-बाहेर एकच. शिवाय कॉम्प्रेसर चालतो त्याची उष्णता वेगळी. म्हणजे खोली गरमच होणार.
निलेश: काल मी दार उघडून समोर बसलो होतो. पायाला गार वारा लागत होता. तो खोटा का?

इथे मी अडकलो. पायाला गार लागतं हे खरं आहे, मलाही लागलं. मग चुकतंय कोण?

निलेश_चोपडा

मीच तो निलेश. गोपालने वाद बरोबर लिहिलाय, एक मुद्दा राहिला. कूलरही वीज खातो, त्याची मोटरही तापते, तरी कूलरने खोली गार होते. म्हणजे ‘वीज खाल्ली की गरम होणार’ हा नियम चुकीचा आहे. याचं उत्तर द्या, मी दार लावतो.

मॅकेनिकल_तिसरं_वर्ष

गोपाल बरोबर आहे आणि हे सरळ गणित आहे. खोली १० बाय १२ फूट, उंची १० फूट धरा. म्हणजे साधारण ३४ घनमीटर, त्यात हवा जवळपास ३८ किलो. एक किलो हवा एक अंशाने तापवायला सुमारे एक किलोज्यूल लागतं. दार उघडं असताना कॉम्प्रेसर थांबतच नाही, १०० वॅट धरा. तासाला ३६० किलोज्यूल झाले. ३६० भागिले ३८, म्हणजे तासाला साडेनऊ अंश! रात्रभर दार उघडं ठेवलंत तर खोलीची भट्टी होईल.

भुसावळचा_फ्रिजवाला

मॅकेनिकलवाल्या भाऊ, दिशा बरोबर आहे, आकडा नाही. तासाला साडेनऊ अंश वाढले असते तर फ्रिज दुरुस्त करताना आम्ही दार उघडं ठेवून तास-तास मशीन चालवतो, ते दुकान कधीच पेटलं असतं. तुम्ही फक्त हवा धरली, भिंती सोडल्या. दहा बाय दहा फुटांची नऊ इंची विटांची एकच भिंत जवळजवळ चार टन भरते. अशा चार भिंती, वर स्लॅब, खाली फरशी. ३८ किलो हवेत उष्णता टाकली की ती लगेच भिंतीत मुरते. त्यामुळे हवेचं तापमान वाढतं ते अंशाच्या काही दशांशांत. पण वाढतं, कमी होत नाही.

आता निलेशभाऊ, तुमच्या सपाट पाठीचं. काळी जाळी गेली म्हणजे गरमी बाहेर टाकणारा कंडेन्सर गेला असं नाही. तो आता दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या आतून चिकटवलेला असतो. फ्रिज अर्धा तास चालू द्या आणि डाव्या-उजव्या पत्र्याला पुढच्या कडेपासून मागेपर्यंत तळहात फिरवा. मध्येच एक गरम पट्टा लागेल, मग थोडं कमी, मग पुन्हा गरम. ती आतली नळी. आणि खाली मागच्या बाजूला कॉम्प्रेसर आहे, त्याला हात लावू नका, चटका बसतो. पाठ गार लागते कारण तिथे नळीच नाही. तुम्ही नेमक्या रिकाम्या जागी हात लावला.

हिशेब असा समजा. फ्रिजच्या आतल्या थंड पत्र्याने खोलीतून १३० वॅट उष्णता ओढली आणि कॉम्प्रेसरने १०० वॅट वीज घेतली, तर बाजूचे पत्रे आणि कॉम्प्रेसर मिळून २३० वॅट खोलीत परत टाकतात. १३० गेले, २३० आले. १३० हा आकडा फ्रिजप्रमाणे बदलेल, पण उरणारी बाकी नेहमी तेवढीच, जेवढी वीज मीटरने मोजली. दुसरा कुठला निकाल निघूच शकत नाही, कारण फ्रिजचं पुढचं तोंड आणि बाजूचे पत्रे एकाच खोलीत आहेत.

निलेश_चोपडा

काका, पत्र्याला हात लावला. पट्टा लागला, डावीकडे जास्त. हा मुद्दा सोडला. पण पायाला लागणारा गार वारा?

धुळ्याच्या_मॅडम

तो खरा आहे, निलेश. थंड हवा जड, म्हणून ती दारातून धबधब्यासारखी खाली सांडते आणि फरशीवरून पायाकडे येते. त्याच वेळी पत्र्याजवळची गरम हवा वर चढून छताखाली जमते. तुझे पाय एका थरात, गोपालचं डोकं दुसऱ्या थरात. पंखा पूर्ण वेगात लाव, दोन्ही थर ढवळले जातील आणि गार वारा नाहीसा होईल.

पहिल्या झोताबद्दलही सांगते. १९० लिटरच्या पेटीत हवा किती? पाव किलोपेक्षा थोडी कमी. ती ५ अंशांवरून ३५ अंशांवर यायला सुमारे ७ किलोज्यूल पुरतात. स्वस्थ बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता सोडत असतो. म्हणजे ती सगळी ‘थंडी’ तुमच्यापैकी एकजण सव्वा मिनिटात संपवतो. पेटीत खरी थंडी साठलेली असते ती हवेत नाही, पाण्याच्या बाटल्यांत आणि बर्फात.

मॅकेनिकलच्या मुलाने मांडलेलं गणित बंद थर्मासला लागू आहे, विटांच्या खोलीला नाही. पण १०० वॅट ही संख्या लक्षात ठेवण्यासारखी आहे. दार उघडा फ्रिज म्हणजे खोलीत झोपायला आलेला आणखी एक माणूस.

केळीबाग_रावेर

मला तुमचं पटत नाही. आमच्याकडे केळी पिकवायचं चेंबर आहे. मशीन लावलं की पूर्ण खोली १६-१७ अंशांवर येते, बाहेर ४४ असले तरी. मग मशीनने खोली थंड होत नाही कसं म्हणता? माझी अडचण वेगळी आहे. गाडी भरताना अर्धा तास दार उघडं राहतं, तेव्हा आत तीन-चार अंश चढतात आणि परत उतरायला फार वेळ लागतो. गॅस कमी झाला असेल का?

भुसावळचा_फ्रिजवाला

दादा, तुमच्या चेंबरचं गरम युनिट कुठे आहे? भिंतीच्या बाहेर, पत्र्याच्या शेडखाली. आत फक्त थंड कॉइल आणि पंखे. या पोरांच्या खोलीत दोन्ही आतच आहेत. तुमचं बाहेरचं युनिट उचलून चेंबरमध्ये केळीशेजारी ठेवलं तर चेंबरही तापेल. तुमचंच उदाहरण गोपालच्या बाजूने जातं.

अर्ध्या तासात तीन-चार अंश चढणं हा गॅसचा दोष नाही, ४४ अंशांची हवा आत शिरते त्याचा आहे. दाराला जाड प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा लावा, पट्ट्या एकमेकींवर निम्म्या चढलेल्या हव्यात, आणि खाली फरशीला टेकलेल्या. गाडी भरताना आतले पंखे बंद ठेवा, नाहीतर तेच थंड हवा बाहेर ढकलतात. दार लावल्यावरही उतरायला उशीर होत असेल तर कॉइलवर बर्फ जमलाय का ते आधी बघा. केळीही पिकताना स्वतः उष्णता सोडतात, भरलेल्या चेंबरला रिकाम्यापेक्षा वेळ लागणारच. गॅस तपासणं शेवटी.

धुळ्याच्या_मॅडम

आता निलेशच्या कूलरकडे येते, कारण तो प्रश्न चांगला होता. कूलरची मोटर आणि पंप वीज खातात आणि तेवढी उष्णता देतात, हे खरंच आहे. पण त्याचबरोबर पाण्याची वाफ होते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला हवेतून सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता जाते. आपल्याकडे मेमधली कोरडी हवा असताना मोठा कूलर तासाला चार-पाच लिटर पाणी सहज पितो. पाच लिटर धरले तर हे सव्वातीन किलोवॅटच्या वर झालं. त्यापुढे मोटरचे दीडशे-दोनशे वॅट कुठेच लागत नाहीत.

मात्र ती उष्णता नाहीशी होत नाही, वाफेत लपते आणि वाफ खिडकीतून बाहेर जाते. म्हणून कूलरसमोरची खिडकी उघडी हवी. खिडक्या लावून कूलर चालवा, तासाभरात अंग चिकट होतं आणि गारवा संपतो. फ्रिजपाशी असा बाहेर जाणारा रस्ताच नाही.

निलेश_चोपडा

ठीक. मग रस्ता करू. दोन मार्ग सुचतात.

एक: फ्रिज खिडकीत बसवायचा. तोंड आत, पाठ बाहेर.

दोन: दिवसभर आम्ही कॉलेजात असतो, तेव्हा दार लावून फ्रिजमध्ये बर्फ करायचा. दिवसाची गरमी उघड्या खिडकीतून जाईल. रात्री फ्रिज बंद करून बर्फ टेबलावर ठेवायचा, त्यामागे पंखा. रात्री वीज नाही, म्हणजे गरमी नाही. गोपालकडे याला उत्तर नाही.

गोपाल_खोली१२

खरंच नाही. दुसरा मार्ग मला नियमाबाहेरचा वाटत नाही.

धुळ्याच्या_मॅडम

दुसरा मार्ग नियमात बसतो. उष्णता दिवसा टाकायची, थंडावा रात्री वापरायचा, यात गैर काही नाही. अडतं ते प्रमाणात. तुमच्या फ्रीजरमध्ये दोन किलो बर्फ बसेल असं धरते. तो उणे १० अंशांवरून वितळून ३० अंशांचं पाणी होईपर्यंत साधारण ९६० किलोज्यूल घेतो. आठ तासांत वाटले तर ३३ वॅट. तुम्ही दोघं मिळून २०० वॅट सोडता. म्हणजे बर्फ तुमच्या सहाव्या हिश्शाची उष्णता खाईल, आणि मागचा जुना टेबल पंखा ५० वॅटचा असेल तर तो बर्फापेक्षा जास्त उष्णता देईल.

शिवाय दिवसाची गरमी सगळी खिडकीतून जात नाही. बरीचशी भिंतीत मुरते आणि रात्री परत येते. तोच बर्फ फडक्यात गुंडाळून मानेला लावलात तर मात्र उपयोग कळेल, कारण तिथे खोली गार करायची नसते.

भुसावळचा_फ्रिजवाला

खिडकीचा मार्ग तत्त्वाने बरोबर, कारण तोच तर एसी. पण तुमच्या फ्रिजला तो जमणार नाही, आणि मी कळकळीने सांगतो, करून बघू नका.

पहिलं म्हणजे ताकद. एक टनाचा एसी साडेतीन हजार वॅट उष्णता ओढतो. हा फ्रिज शे-दीडशे. सगळं नीट जुळवलं तरी तीस फ्रिजांनी एक टन होईल. खिडकीच्या फटीतून शिरणारी गरम हवाच त्याला पुरून उरेल.

दुसरं, गरम नळी बाजूच्या पत्र्यात आहे हे आत्ताच हाताने पाहिलंत. पाठ बाहेर काढून भागत नाही, अख्ख्या बाजू बाहेर हव्यात. मग कोणीतरी सांगेल की नळी कापून बाहेर लांबवा. आत मागे कॉम्प्रेसरजवळ लेबल आहे, त्यावर गॅसचं नाव वाचा. आर-६००ए असेल तर तो आयसोब्युटेन आहे, स्वयंपाकाच्या गॅसचाच भाऊबंद, पेट घेतो. फ्रिजमध्ये तो शंभर ग्रॅमपेक्षाही कमीच असतो, पण बंद खोलीत नळीवर वेल्डिंगचा टॉर्च लावणाऱ्याच्या तोंडासमोर तेवढा पुरतो.

तिसरं, दार उघडं ठेवल्याने मशीनचं काय होतं ते. थर्मोस्टॅटचं टोक आतल्या पत्र्याला लागलेलं असतं. तो पुरेसा गार झाला की कॉम्प्रेसर बंद. दार उघडं असलं की तो क्षण येतच नाही. परत येणारा गॅस गरम आणि दाट असतो, मोटरवर भार वाढतो, बाजूचे पत्रे आणखी तापतात. त्यात आपल्याकडे संध्याकाळी व्होल्टेज उतरतं. मग मागून ‘टक’ असा आवाज येतो आणि सगळं शांत. ते ओव्हरलोड प्रोटेक्टर. कॉम्प्रेसर निवला की काही मिनिटांनी पुन्हा सुरू, पुन्हा टक. हा आवाज आला की प्लग काढा, दार लावा, अर्धा तास थांबा. रात्रभर टकटक चालू दिली तर मोटरची वाइंडिंग जळते, आणि कॉम्प्रेसर बदलायचा खर्च तुमच्या फ्रिजच्या किमतीला परवडत नाही.

आणि ज्यांच्याकडे दोन दारांचा फ्रॉस्ट-फ्री आहे त्यांनी यातलं काही ताडून पाहू नये. त्यातल्या बऱ्याच मॉडेलांत दार उघडलं की आतला पंखाच थांबतो. गार वाराही येत नाही.

मॅकेनिकल_तिसरं_वर्ष

भिंती विसरलो, मान्य. पण मग हे मोजून दाखवता येईल का? काही दशांश फरक असेल तर थर्मामीटरवर दिसणार कसा?

भुसावळचा_फ्रिजवाला

थर्मामीटरवर भरवसा ठेवू नका, मीटरवर ठेवा. प्लगमध्ये बसणारं छोटं वीजमीटर मिळतं, ते फ्रिजला लावा. दोन रात्री मोजा, एक दार बंद, एक उघडं, दोन्ही वेळा तेच तीन तास. दूध-भाजी आणि बाटल्या आधी दुसऱ्यांच्या फ्रिजमध्ये हलवा, नाहीतर साठलेली थंडी हिशेबात घुसते. उघड्या रात्री दार उघडून पहिला एक तास सोडून द्या, मग मोजायला लागा. थर्मामीटर खोलीच्या मध्ये, खुर्चीच्या उंचीवर टांगा. दारासमोर नाही, पत्र्याजवळ नाही. पंखा दोन्ही रात्री एकाच वेगावर आणि खोलीत माणसं तेवढीच. टक आवाज आला तर प्रयोग तिथेच थांबवा.

गोपाल_खोली१२

केलं. मंगळवार आणि बुधवार, रात्री ११ ते २.

दार बंद: ०.१३ युनिट. खोली ३४.४ वरून ३४.०.
दार उघडं: ०.३३ युनिट. खोली ३४.२ वरून ३४.०.

टक आवाज आला नाही. फ्रीजरच्या पत्र्यावर बर्फही विशेष जमला नाही.

निलेश_चोपडा

म्हणजे दार उघडं असताना खोली ०.२ ने गार झालीच की!

गोपाल_खोली१२

दार बंद असताना ०.४ ने झाली. रात्र आहे, बाहेर उतरतंय, खोलीही उतरणार. उघड्या दाराने ती उतरण अडवली.

निलेश_चोपडा

दोन वेगळ्या रात्री आहेत भो. बुधवारी बाहेर वारा कमी होता. ०.२ फरकावर मी हार मानणार नाही.

भुसावळचा_फ्रिजवाला

त्या ०.२ वर मीही पैज लावणार नाही, निलेशभाऊंचं बरोबर आहे. असल्या थर्मामीटरवर तेवढा फरक वाऱ्यानेही पडतो. पण मीटर बघा. ०.३३ वजा ०.१३, म्हणजे ०.२० युनिट जादा. एक युनिट म्हणजे ३६०० किलोज्यूल, तर ७२० किलोज्यूल उष्णता जास्त टाकली गेली. ती खोली सोडून कुठे गेली ते दाखवा. भिंतीत गेली, एवढंच म्हणता येईल, आणि भिंत तुमचीच आहे.

निलेश_चोपडा

०.२० युनिटला उत्तर नाही माझ्याकडे. दार लावलं. पण पावसाळ्याचं काय? जुलैत गरमीपेक्षा घाम छळतो. उघड्या फ्रिजवर हवेतलं पाणी जमेल, हवा कोरडी होईल. थोडी गरम पण कोरडी खोली चालेल मला.

धुळ्याच्या_मॅडम

हे मला विचार करण्यासारखं वाटतं. पाणी जमताना वाफेतली लपलेली उष्णता परत खोलीत येते. अर्धा लिटर जमलं तर १२०० किलोज्यूल, म्हणजे मीटरवर दिसते त्याहून जास्त गरमी. तरी पंख्याखाली कोरड्या हवेत घाम लवकर उडतो. काहींना ते बरं वाटू शकेल.

भुसावळचा_फ्रिजवाला

मॅडम, मला नाही वाटत. या फ्रिजांचं वितळलेलं पाणी नळीने मागे जातं आणि कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये पडतं. ट्रे तिथे मुद्दाम ठेवलेला असतो, कॉम्प्रेसरच्या उष्णतेने पाणी उडून जावं म्हणून. म्हणजे हवेतलं पाणी पुन्हा हवेत. शिवाय पावसाळ्यात पत्र्यावर बर्फाचा थर चढतो आणि तो थर जाड झाला की पत्रा उष्णता ओढतच नाही, मशीन नुसतं फिरतं.

धुळ्याच्या_मॅडम

ट्रेचं लक्षात आलं नव्हतं. नळी ट्रेमधून काढून बादलीत सोडली तर?

भुसावळचा_फ्रिजवाला

तर पाणी बादलीत येईल, तेवढं खरं. पण बर्फ वितळवायला दर काही तासांनी मशीन बंद करावं लागेल, आणि रात्रीत किती पाणी जमतं ते मोजल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. निलेशभाऊ, जुलैत मोजाच. मोजपात्र वापरा, बादलीत अंदाजाने बघू नका, आणि सोबत ते प्लगवालं मीटर राहू द्या.